लेव्हल बरोबर दाखवतेय का? टू पेग टेस्ट करण्याची पद्धत

दोन बिंदूंच्या उंचीतला फरक मोजणाऱ्या ऑटो लेव्हलचा बबल गोलाच्या मधोमध आला की दुर्बिणीतली आडवी रेषा खरोखरच आडवी झाली, असं नवीन माणूस धरून चालतो. बबल तेवढं सांगत नाही. उपकरण साधारण उभं आहे, एवढंच तो सांगतो. उरलेला बारीक कल आतला कॉम्पेन्सेटर काढून टाकतो. कॉम्पेन्सेटर म्हणजे बारीक तारांवर टांगलेला प्रिझम. पण कॉम्पेन्सेटर नीट असला तरी क्रॉसहेअरची, म्हणजे त्या आडव्या रेषेची, काच केसभर वर किंवा खाली सरकलेली असू शकते. मग दृष्टिरेषा दर वेळी त्याच कोनात तिरकी जाते. बबल मधोमध दिसतो, चित्र स्वच्छ दिसतं, रीडिंगही स्थिर येतं आणि तरी ते चुकीचं असतं.

ही चूक अंतराच्या प्रमाणात वाढते. दहा मीटरवर एक मिलिमीटर असेल तर साठ मीटरवर सहा. त्यामुळेच ती पकडता येते. स्टाफ, म्हणजे आकडे असलेली उभी पट्टी, उपकरणापासून सारख्या अंतरावरच्या दोन बिंदूंवर धरला की दोन्ही रीडिंगमध्ये सारखीच चूक येते आणि वजाबाकीत ती निघून जाते. अंतरं असमान असली की ती उघडी पडते. टू पेग टेस्टमध्ये आधी सारख्या अंतरावरून आणि मग मुद्दाम असमान अंतरावरून तेच दोन बिंदू वाचायचे असतात.

जागा आणि सामान

साधारण सपाट, मोकळी, साठ-सत्तर मीटर लांबीची जागा लागते. थोडा उतार चालतो, पण दोन्ही ठिकाणची रीडिंग साधारण अर्धा ते दीड मीटरच्या दरम्यान यावीत. कारण टेलिस्कोपिक स्टाफचा खालचा एकच तुकडा वापरात राहिला पाहिजे. वरचे तुकडे ओढले आणि एखाद्या सांध्याचं बटण पूर्ण बाहेर आलेलं नसलं, तर रीडिंगमध्ये काही मिलिमीटरचा घोळ होतो आणि त्याचं खापर लेव्हलवर फुटतं. दृष्टिरेषा जमिनीपासून अर्ध्या मीटरपेक्षा खाली जाऊ देऊ नका. तापलेल्या जमिनीलगतची हवा रेषा वाकवते.

ऑटो लेव्हल, ट्रायपॉड, एकच स्टाफ, त्याला लावायचा छोटा बबल, टेप, दोन खुंट्या आणि हातोडा एवढं पुरतं. स्टाफ एकच वापरायचा, हे महत्त्वाचं. स्टाफच्या तळाची झीज दोन्ही रीडिंगमध्ये सारखी येते आणि वजाबाकीत जाते. दोन वेगवेगळे स्टाफ वापरले तर ती जात नाही.

खुंटीसाठी जमीन बघा. काळ्या मातीत, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, लाकडी खुंटी स्टाफच्या वजनाने खचते. तिथे लांब खुंटी खोल ठोका आणि डोक्यावर गोल टोपीचा खिळा मारा, म्हणजे स्टाफ दर वेळी एकाच बिंदूवर टेकतो. कोकणात जांभ्याचा किंवा बांधकामावर काँक्रीटचा घट्ट उंचवटा मिळाला तर खुंटीची गरजच नाही. खडूने खूण केली तरी पुरे. मोकळ्या मातीवर स्टाफ टेकवून केलेल्या टेस्टमध्ये मात्र मातीचीच मोजणी होते.

वेळ सकाळची निवडा. एप्रिल-मेच्या दुपारी साठ मीटरवरचे स्टाफचे आकडे पाण्यातून पाहिल्यासारखे हलतात, मिलिमीटरचा अंदाज घेणं अशक्य होतं. गाडीच्या गरम डिकीतून किंवा एसी ऑफिसमधून काढलेलं उपकरण लगेच लावू नका. सावलीत पेटी उघडून अर्धा तास ठेवा.

टेस्टच्या आधी दोन गोष्टी

पहिली, गोल बबल. उपकरणाच्या तळाच्या फूट स्क्रूने बबल मधोमध आणा आणि दुर्बीण १८० अंशांत फिरवा. बबल मधोमध राहिला तर पुढे जा. सरकला तर जितका सरकला त्याच्या निम्मा फूट स्क्रूने आणि उरलेला निम्मा बबलच्या खालच्या समायोजन स्क्रूने परत आणा, आणि पुन्हा फिरवून बघा. हे टाळून टेस्ट करणारे बरेच भेटतात, कारण ‘कॉम्पेन्सेटर सांभाळून घेईल’ असं वाटतं. तो बराचसा सांभाळतो, पण अगदी अचूक नाही. मधल्या जागेवरून दोन खुंट्यांकडे बघताना दुर्बीण बरोबर उलट्या दिशांना असते. उपकरण एका बाजूला झुकलेलं असेल तर कॉम्पेन्सेटरची उरलेली चूक एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली पडते. मग मधल्या जागेवर चूक कटते हा टेस्टचा आधारच जातो.

दुसरी, कॉम्पेन्सेटर. समोर स्टाफ धरून रीडिंग वाचा, मग ट्रायपॉडच्या पायाला बोटाने हलकी टिचकी मारा. क्रॉसहेअरखालचं चित्र थरथरून पुन्हा त्याच रीडिंगवर थांबलं पाहिजे. त्यानंतर स्टाफच्या दिशेला असलेला फूट स्क्रू थोडासा फिरवा. बबल गोलाच्या आत राहू द्या. रीडिंग बदलायला नको. टिचकीने चित्र हललंच नाही, किंवा स्क्रू फिरवल्यावर रीडिंग सरकलं, तर कॉम्पेन्सेटर अडकलेला आहे. अशा उपकरणाची टू पेग टेस्ट करून उपयोग नाही, ते सर्व्हिसलाच द्यायचं.

पहिली जागा: बरोबर मध्ये

दोन खुंट्या ६० मीटर अंतरावर ठोका. एकीला अ आणि दुसरीला ब म्हणा. टेपने ३० मीटरवर मधली जागा काढा आणि तिथे ट्रायपॉड उभा करा. पाय जमिनीत पायाने दाबून रोवा. डांबरी रस्त्यावर उन्हात ट्रायपॉडचे पाय हळूहळू रुततात, हे लक्षात ठेवा.

मध्य अगदी इंचाइंचाने साधायची गरज नाही. दहा-वीस सेंटिमीटरचा फरक राहिला तरी त्यातून येणारी चूक मिलिमीटरच्या फार लहान अंशाची असते. टेप नसेल तर स्टेडियाच्या दोन छोट्या रेषा वापरा. वरचं रीडिंग वजा खालचं रीडिंग, गुणिले १००, म्हणजे अंतर. तीस मीटरवर हा फरक ०.३०० मीटर यायला हवा.

आता आयपीसमधून कोऱ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या कागदाकडे बघत आयपीसचं कडं फिरवा, क्रॉसहेअर काळाभोर आणि रेखीव दिसेपर्यंत. मग स्टाफवर फोकस करा. डोळा किंचित वर-खाली हलवून बघा. क्रॉसहेअर आकड्यांवरून सरकल्यासारखं वाटलं तर पॅरलॅक्स आहे. आयपीस आणि फोकस पुन्हा लावा. पॅरलॅक्स राहिला तर रीडिंग डोळा कुठे आहे त्यावर बदलतं, आणि मग दोन-तीन मिलिमीटर कुठून आले ते कधीच कळत नाही.

स्टाफ धरणाऱ्याला बबल बघून स्टाफ उभा धरायला सांगा. स्टाफचा बबल नसेल तर त्याने स्टाफ सावकाश तुमच्याकडे आणि मागे झुलवावा आणि तुम्ही सर्वांत कमी दिसलेलं रीडिंग घ्यावं. स्टाफ तिरका झाला की रीडिंग नेहमी वाढतंच, म्हणून सर्वांत कमी तेच खरं. तळाला चिखल लागलेला नाही ना, हेही दर वेळी बघायचं.

सेंटिमीटरच्या स्टाफवर मिलिमीटर हा डोळ्याचा अंदाज असतो. म्हणून प्रत्येक स्टाफवर तीन वेळा, दर वेळी डोळा बाजूला करून, पुन्हा वाचा. तिन्ही आकडे एका मिलिमीटरच्या आत यावेत. अ वाचून झाल्यावर फोकसला हात न लावता ब कडे वळा. अंतर सारखं असल्यामुळे चित्र आपोआप स्पष्ट दिसायला हवं. मध्य नीट साधला आहे याची ती आयती खूणच.

एक उदाहरण धरू. अ वर १.४८२ आणि ब वर १.२३६ आलं. फरक ०.२४६. म्हणजे ब ही खुंटी अ पेक्षा २४६ मिलिमीटर उंच आहे. लेव्हलमध्ये कितीही चूक असली तरी हा फरक खरा आहे, कारण दोन्हीकडची चूक सारखी आहे.

इथेच थांबू नका. ट्रायपॉडचे पाय थोडे वर-खाली करून उपकरणाची उंची बदला, पुन्हा लेव्हल लावा आणि दोन्ही रीडिंग परत घ्या. आता समजा १.५२७ आणि १.२८१ आली. फरक पुन्हा ०.२४६. दोन फरकांत एक मिलिमीटर इकडेतिकडे चालेल. दोनपेक्षा जास्त आलं तर खुंटी खचली, पॅरलॅक्स राहिला किंवा आकडा चुकीचा वाचला. ते शोधल्याशिवाय पुढची जागा घेण्यात अर्थ नाही.

दुसरी जागा: एका खुंटीजवळ

आता उपकरण उचलून अ च्या मागे, ब-अ ही रेषा पुढे वाढवून, ३ मीटरवर लावा. म्हणजे अ तीन मीटरवर आणि ब त्रेसष्ट मीटरवर. अगदी खुंटीला चिकटून लावायचा मोह टाळा. फार जवळच्या स्टाफवर फोकस करताना आतली भिंग खूप सरकते आणि त्या सरकण्याची स्वतःची थोडी चूक असते.

पुन्हा बबल, पुन्हा पॅरलॅक्स. आधी जवळच्या अ वर वाचा, मग ब वर. आपल्या उदाहरणात अ वर १.५५१ आलं. ब ही अ पेक्षा ०.२४६ उंच आहे हे आपल्याला माहीत आहे, म्हणून ब वर अपेक्षित रीडिंग

```
1.551 - 0.246 = 1.305
```

प्रत्यक्षात मात्र दुर्बिणीत १.३११ दिसतंय. सहा मिलिमीटर जास्त. लांबच्या स्टाफवर अपेक्षेपेक्षा जास्त रीडिंग म्हणजे दृष्टिरेषा वर चढतेय. कमी असतं तर ती खाली उतरतेय. चिन्हाचा गोंधळ होऊ नये म्हणून सूत्र पाठ करण्याऐवजी हेच वाक्य वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेलं बरं.

आता दर मीटरला चूक किती? इथे हमखास होणारी गफलत म्हणजे सहा मिलिमीटरला ६३ ने भागणं. अ वरच्या रीडिंगमध्येही तीन मीटरची चूक आहेच. म्हणून भागाकार लांबचं अंतर वजा जवळचं अंतर याने करायचा:

```
(1.311 - 1.305) / (63 - 3) = 0.0001
```

म्हणजे दर मीटरला ०.१ मिलिमीटर, दहा मीटरला एक मिलिमीटर. कोनात सांगायचं तर सुमारे २१ सेकंद. उपकरण दोन खुंट्यांच्या आत, अ पासून तीन मीटरवर लावलं असतं तर अंतरं ३ आणि ५७ झाली असती आणि भागायचा आकडा ५४. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, फक्त आकडा आपला आपण काढायचा.

पृथ्वीच्या वक्रतेची शंका काही जण काढतात. त्रेसष्ट मीटरवर वक्रता आणि हवेतलं वक्रीभवन मिळून पाव मिलिमीटरच्या आसपास येतं. या टेस्टमध्ये ते सोडून द्या.

सहा मिलिमीटर म्हणजे जास्त की चालण्यासारखं?

बांधकामावरच्या ऑटो लेव्हलसाठी साठ मीटरला तीन मिलिमीटरच्या आत असेल तर सहसा हात लावत नाहीत. तुमच्या उपकरणाच्या मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच धरा. दुसरीकडे, एक-दोन मिलिमीटर आले म्हणून स्क्रू फिरवायला धावणंही चूक. चार रीडिंग, प्रत्येकात मिलिमीटरभर अंदाज, त्यामुळे टेस्टचीच अनिश्चितता दोनेक मिलिमीटर आहे. एवढ्या फरकावर समायोजन केलं तर चांगलं उपकरण बिघडवलं जाण्याची शक्यता जास्त.

कामावर या चुकीचा परिणाम कुठे होतो, हे समजून घेण्यासारखं आहे. बॅकसाइट म्हणजे उंची माहीत असलेल्या बिंदूवरचं, उदाहरणार्थ बेंचमार्कवरचं, पहिलं रीडिंग आणि फोरसाइट म्हणजे उपकरण हलवण्याआधीचं शेवटचं. या दोघांची अंतरं सारखी ठेवली की बेंचमार्क पुढे नेताना ती चूक कटते. पण इंटरमीडिएट साइटमध्ये, म्हणजे या दोघांच्या मधल्या रीडिंगमध्ये, असं काही नसतं. स्लॅबच्या कोपऱ्यात लेव्हल लावली, चार मीटरवरच्या कॉलमवर आणि चव्वेचाळीस मीटरवरच्या कॉलमवर रीडिंग घेतलं, तर आपल्या उपकरणाने दोघांत चार मिलिमीटरचा खोटा फरक दाखवला. आणि हे क्लोजिंगमध्ये, म्हणजे शेवटी बेंचमार्कवर परत येऊन केलेल्या पडताळणीत, दिसत नाही. त्याच जागेवरून बेंचमार्कवर परत रीडिंग घेतलं की बॅकसाइट-फोरसाइट तंतोतंत जुळतात, कारण अंतर तेच आहे. ‘लेव्हल क्लोज झाली’ म्हणून मधली रीडिंग बरोबर, असा अर्थ होत नाही.

दृष्टिरेषा वर चढत असताना लांबच्या बिंदूवर ठरावीक रीडिंग आणून पाइप बसवला तर तो पाइप हवा त्यापेक्षा वर बसतो. २०० ला १ उतार, साठ मीटर लांब ड्रेनेज लाइन, सुरुवातीच्या चेंबरजवळ लेव्हल: ३०० मिलिमीटर उतार मिळायचा तिथे २९४ मिळेल. सहाने फारसं बिघडत नाही. पण पडलेल्या उपकरणात हीच चूक याच्या कितीतरी पट असू शकते, आणि मग पाणी तुंबतं.

दुरुस्ती

पहिला पर्याय म्हणजे स्क्रूला हातच न लावणं. चूक माहीत आहे, तेव्हा प्रत्येक रीडिंगमधून अंतर गुणिले ०.०००१ वजा करा. अंतर स्टेडियाने काढा. काम मधेच थांबवता येत नसेल, तर सर्व्हिस मिळेपर्यंत हे पूर्णपणे चालतं. बॅकसाइट-फोरसाइट समान ठेवायची शिस्तही तेवढेच दिवस काटेकोर पाळायची.

दुसरा पर्याय, समायोजन. वॉरंटीचं सील असेल तर हा विचार सोडा. नसेल तर उपकरण दुसऱ्या जागेवरच असू द्या, ब वर रोखलेलं. आयपीसजवळचं छोटं झाकण काढलं की बहुतेक ऑटो लेव्हलमध्ये क्रॉसहेअरचा समायोजन स्क्रू दिसतो. पेटीतली पिन किंवा अॅलन की त्यासाठीच असते. आयपीसमधून बघत बघत स्क्रू अगदी थोडा, आठवा भाग फिरवा आणि क्रॉसहेअर कुठे जातंय ते पहा. दिशा कळली की हळूहळू १.३११ वरून १.३०५ वर आणा. स्क्रू जड जाऊ लागला तर थांबा, जोर लावू नका.

जुन्या डंपी लेव्हलमध्ये वर आणि खाली असे समोरासमोर दोन डायाफ्रॅम स्क्रू असतात. तिथे आधी एक सैल करायचा आणि मगच समोरचा तेवढाच घट्ट करायचा. उलट केलं तर काचेवर दाब येऊन ती तडकते. टिल्टिंग लेव्हलचा प्रकार वेगळा. तिथे टिल्टिंग स्क्रूने क्रॉसहेअर १.३०५ वर नेतात आणि त्यामुळे सरकलेला लांबट बबल त्याच्या स्वतःच्या स्क्रूने मध्ये आणतात.

काटेकोर बघायचं तर ब वरचं खरं रीडिंग १.३०४७ आहे, कारण अ च्या रीडिंगमध्येही ०.३ मिलिमीटर चूक आहे. ते डोळ्याने लावता येत नाही. म्हणून १.३०५ वर थांबा, ट्रायपॉडला टिचकी मारून रीडिंग टिकतं का पहा, झाकण लावा आणि दोन्ही जागांची संपूर्ण टेस्ट नव्या उंचीवरून परत करा. समायोजनानंतरची टेस्ट न करता उपकरण पेटीत ठेवणं म्हणजे नेमकं काय केलं ते माहीत नसणं.

आकडे जुळतच नसतील तर

कधी पहिल्या वेळी सहा मिलिमीटर, दुसऱ्यांदा एक, तिसऱ्यांदा उलट दिशेला चार असं येतं. सरकलेल्या क्रॉसहेअरची चूक अशी डळमळत नाही. ती दर वेळी जवळपास तेवढीच असते. म्हणून आकडे नाचू लागले की समायोजन स्क्रूचा विचार बाजूला ठेवा. आधी ट्रायपॉडच्या डोक्याचे आणि पायांच्या बिजागऱ्यांचे नट हलवून बघा, ते ढिले असणं ही सर्वांत नेहमीची गोष्ट. मग खुंट्यांवर पुन्हा मधल्या जागेवरून रीडिंग घ्या. फरक बदलला असेल तर खुंटी हलली. हे दोन्ही ठीक असेल तर टिचकीची चाचणी पाच-सहा वेळा करा. दर वेळी वेगळ्या रीडिंगवर थांबत असेल तर कॉम्पेन्सेटर अडखळतोय.

टेस्ट नवीन काम सुरू करण्याआधी, उपकरण पडलं किंवा ट्रायपॉडसकट कलंडलं तर लगेच, आणि खडबडीत रस्त्यावरून जीपच्या मागच्या भागात लांबचा प्रवास झाल्यावर करा. भाड्याने आणलेली लेव्हल असेल तर पहिल्याच दिवशी, दुकानाच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची तारीख ताजी असली तरी. वहीत तारीख, उपकरणाचा नंबर, अंतरं, सगळी रीडिंग आणि दर मीटरची चूक चिन्हासकट लिहा. पुढच्या वेळची चूक याच्याशी ताडून बघितली की उपकरण हळूहळू सरकतंय की एकदाच धक्का बसलाय, ते कळतं.